तीन वस्तूंची एक ‘शिदोरी’: सोलापुरातल्या आमच्या दुकानाचा अनुभव

आमचा घरगुती धंदा कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा. सासूबाईंनी सुरू केला, हिशेब आणि पॅकिंग माझ्याकडे. दुकानात येणारे बरेच जण बाहेरगावचे, कुणी अक्कलकोटहून दर्शन घेऊन परतणारे, कुणाला रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस गाठायची असते. बहुतेक जण पाव किलो चटणी घ्यायचे आणि निघायचे. त्यांनी आणखी काही न्यावं म्हणून मी पहिला संच केला, तो सपशेल पडला. नव्याने असा संच करू पाहणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून तो का पडला आणि दुसरा का चालला ते सविस्तर लिहिते.

पहिल्या संचात चटणी, कडक भाकरी आणि एक सोलापुरी टॉवेल होता. नाव दिलं ‘सोलापूर स्पेशल कॉम्बो’. मला वाटलं होतं, तिन्ही गोष्टी सोलापूरच्या, म्हणजे जमलंच. पण गिऱ्हाईक खोकं हातात घेऊन म्हणायचं, “वहिनी, टॉवेल काढा की ओ, त्याजागी चटणी द्या. किती कमी होतील?” आठवड्यात असं सात-आठ वेळा ऐकलं. संच फसल्याची याहून स्पष्ट खूण नाही. गिऱ्हाईक मोडून मागतंय, म्हणजे त्याला तीन वस्तू आणि तीन किमती वेगवेगळ्या दिसताहेत. टॉवेल आणि भाकरी एका गावच्या असल्या तरी माणूस त्या एका वेळी वापरत नाही.

टॉवेलची आणखी एक अडचण आमच्या कर सल्लागारांनी दाखवली. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या वस्तू एकाच किमतीत विकल्या, तर जीएसटीत तो मिश्र पुरवठा ठरतो आणि त्यातल्या सगळ्यात जास्त दराच्या वस्तूचा दर पूर्ण किमतीला लागतो. खाण्याचे पदार्थ आणि कापड एकत्र बांधायचं असेल तर किंमत ठरवण्याआधी हे विचारून घ्या.

मग उलट बाजूने विचार केला. आपल्याकडे काय आहे ते बाजूला ठेवून, गिऱ्हाईक पिशवी नक्की कधी उघडतं ते विचारायला लागले. उत्तर बहुतेकांचं एकच, गाडीत किंवा घरी पोचल्यावर त्या रात्री, स्वयंपाक केलेला नसतो तेव्हा. म्हणजे हे जेवण होतं. भाकरी, चटणी आणि शेवटी काहीतरी गोड. टॉवेल गेला आणि त्याजागी शेंगा पोळी आली.

प्रमाण ठरवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आधी मी नेहमीचीच पाकिटं एकत्र बांधायचे. पाव किलो चटणी ११० रुपये, दहा भाकरी १२०, पाच पोळ्या १००, मिळून ३३०, आणि संच २९९ ला. सुट्या विक्रीत या तिघांवर आम्हाला ९५ रुपये सुटतात. त्यातून ३१ रुपयांची सूट आणि २२ रुपयांचं खोकं वजा केलं की उरतात ४२. नुसत्या चटणीच्या पाकिटावर ३५ सुटतात. सात रुपयांसाठी एवढा खटाटोप! शिवाय पाच पोळ्या दोघांत वाटल्या जात नाहीत.

म्हणून माप माणसांवरून घेतलं. दोघांचं एक जेवण, म्हणजे सहा भाकरी, चार पोळ्या, दीडशे ग्रॅम चटणी. चटणी थोडी उरते, ती उरायलाच हवी, कारण पुढच्या वेळी तीच आमची आठवण करून देते. याच दराने सुट्या किमती होतात ७२, ८० आणि ६६, एकूण २१८. संच २२० ला ठेवला, सूट काहीच नाही. साधं खोकं १४ रुपयांना पडलं आणि हातात ५१ रुपये राहिले. ही पाकिटं सुटी मिळत नसल्यामुळे कुणी बेरीज करत बसत नाही. खुलेपणाने विचारलं तर मी बेरीज सांगते. आजवर त्यावरून कुणी खोकं परत ठेवलेलं नाही.

नावासाठी मी तीन नावं वहीत लिहून गल्ल्यावर आठवडाभर बोलून पाहिली. ‘सोलापुरी त्रिवेणी’ म्हटलं की लोक विचारायचे, यात काय आहे? ‘महाबचत पॅक’ म्हटलं की तारीख बघायचे, जुना माल खपवताहेत असं वाटायचं. ‘शिदोरी’ म्हटल्यावर कुणी अर्थ विचारला नाही. प्रवास, कुणीतरी बांधून दिलेलं जेवण, हे सगळं त्या एका शब्दात आधीच आहे. शिवाय नाव मागता आलं पाहिजे. “एक शिदोरी द्या” सहज तोंडात येतं, “एक महाबचत पॅक द्या” म्हणताना माणूस अडखळतो. एवढा रोजचा शब्द कुणाच्या एकट्याच्या मालकीचा होणं अवघड, म्हणून वर आमच्या दुकानाचं नाव, मध्ये मोठ्या अक्षरात ‘शिदोरी’ आणि खाली ‘दोघांचं एका वेळचं जेवण’. पदार्थांची नावं त्याच्याही खाली, लहान. आधी ती वरच छापली होती, तेव्हा लोक पुन्हा यादी वाचू लागले आणि मोडून मागू लागले.

खोक्याचा आकार भाकरीने ठरवला. कडक भाकरी पापडासारखी मोडते, म्हणून चौकोनी, पसरट खोकं, तळाला जाड पुठ्ठा, त्यावर भाकरी आडव्या. पोळ्या त्याच मापाच्या लाटल्या. चटणीची गोल बरणी खोक्यात हलून भाकरीचा चुरा करायची, तिच्याजागी चपटं पाऊच आणलं. आमची चटणी उखळात कुटलेली, तिला तेल सुटतं, म्हणून पाऊच जाड आणि शिवण रुंद हवी. कागदी लेबलवर डाग दिसला की समजा शिवण गळतेय. पोळीत तूप आणि ओल असते. ती आणि भाकरी एकाच पिशवीत ठेवली तर दोन दिवसांत भाकरी चिवट होते, म्हणून प्रत्येक पदार्थ वेगळा सीलबंद. तिन्हींची लेबलं एकाच रंगाची, एकाच अक्षरवळणाची. झाकण उघडल्यावर पहिली लालभडक चटणी दिसते, तिच्याखाली पोळ्या, तळाला भाकरी.

तारखेच्या बाबतीत मी चुकले होते. भाकरी महिनाभर राहते, पण आमची पोळी आठच दिवस. पूर्ण संचाची मुदत सगळ्यात आधी संपणाऱ्या वस्तूइतकीच. पहिल्या महिन्यात मी चाळीस खोकी भरून ठेवली आणि त्यातली अकरा उघडून पोळ्या काढाव्या लागल्या. आता भाकरी-चटणी घालून खोकी तयार असतात, पोळी रोज लागेल तेवढीच येते, मग झाकण बंद करून तारीख मारायची. बाहेरच्या खोक्यावरही प्रत्येक वस्तूचं वजन किंवा नग, पूर्ण संचाची एमआरपी, पॅकिंगची तारीख, मुदत संपण्याची तारीख, एफएसएसएआय क्रमांक आणि हिरवा ठिपका लागतो. आतल्या पाकिटांवर छापलंय म्हणून बाहेर सोडून चालत नाही.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या उन्हात पोळीतला दाण्याचा कूट लवकर खवट होतो. त्या दोन महिन्यांत पोळीऐवजी गूळ-शेंगदाण्याची चिक्की घालतो आणि खालचं लहान लेबल बदलतो. वरचं ‘शिदोरी’ तसंच राहतं. गेल्या उन्हाळ्यात हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला निघालेल्या एका काकांनी चिक्की पाहिली, म्हणाले, “बरं झालं, गाडीत हात चिकट होत नाहीत,” आणि दोन शिदोऱ्या घेऊन गेले. मोडून काही मागितलं नाही.