आकडे न देता अंदाज विचारला, तर या चुका टाळा

‘पृथ्वीवरच्या सगळ्या हवेचे मिळून वस्तुमान किती?’ भौतिकशास्त्राच्या स्पर्धा परीक्षांत आणि तोंडी परीक्षांत असा प्रश्न येतो, तेव्हा सोबत एकही आकडा दिलेला नसतो. बिनचूक उत्तराची अपेक्षाही नसते. दहाचा घात बरोबर आला आणि तो कसा आला हे सांगता आले, की काम झाले. हवेचे वस्तुमान साधारण 5×10¹⁸ किलो आहे. या एकाच प्रश्नात अंदाजाच्या बहुतेक नेहमीच्या चुका सापडतात, म्हणून शेवटपर्यंत तोच घेऊ.

पहिले सुचलेले सूत्र धरून बसणे

वस्तुमान म्हणजे घनता गुणिले आकारमान, हे सगळ्यांनाच आधी सुचते. जमिनीलगत हवेची घनता घनमीटरला सुमारे 1.2 किलो असते. पृथ्वीचे पृष्ठफळ काढता येते. राहिली वातावरणाची उंची. ‘अवकाश 100 किलोमीटरवर सुरू होते’ हे कुठेतरी वाचलेले असते, तेच इथे घातले जाते. उत्तर येते 6×10¹⁹ किलो, म्हणजे बारा पट जास्त.

चूक गुणाकारात झालेली नाही. वर जाऊ तशी हवा विरळ होते, पण आपण जमिनीलगतची घनता थेट 100 किलोमीटरपर्यंत ताणली. एव्हरेस्टच्या माथ्यावर, म्हणजे नऊ किलोमीटरच्याही आत, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांशच उरतो. म्हणजे दोन तृतीयांश हवा त्या उंचीच्या खालीच संपली. सगळी हवा जमिनीलगतच्या घनतेची असती, तर तिचा थर किती जाड झाला असता, ही उंची इथे हवी. ती येते सुमारे 8 किलोमीटर.

ही उंची माहीत नसेल, तर ती लागणारच नाही अशी वाट शोधा. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर पडणारे बल, आणि हवेच्या बाबतीत ते बल म्हणजे वर उभ्या असलेल्या हवेच्या स्तंभाचे वजन. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या 76 सेंटीमीटर स्तंभाएवढा असतो, हे शाळेत शिकलेले असते. पारा पाण्याच्या 13.6 पट जड, म्हणून तो पाण्याच्या सुमारे 10 मीटर स्तंभाएवढा झाला. एका चौरस मीटरवर 10 मीटर पाणी म्हणजे 10 घनमीटर, म्हणजेच 10⁴ किलो. हवेची उंची, घनता आणि तापमान, तिन्ही मधून गळून पडले.

अंदाजाला बसण्याआधी दोन मिनिटे थांबून हेच पाहायचे: ज्या राशीबद्दल सर्वात कमी माहिती आहे, ती टाळून जाता येते का?

पृष्ठफळातल्या तीन घसरणी

पृथ्वीचा परीघ 40,000 किलोमीटर, हे लक्षात ठेवणे सोपे आहे. मीटरची मूळ व्याख्याच ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग अशी होती. त्याची चौपट केली की 4×10⁷ मीटर. गोलाचे पृष्ठफळ परिघाच्या वर्गाला π ने भागून थेट मिळते: 16×10¹⁴ भागिले 3, म्हणजे सुमारे 5×10¹⁴ चौरस मीटर. त्रिज्या काढायची गरजच नाही.

त्रिज्येवरून जाणारे व्यास आणि त्रिज्या यांची अदलाबदल करतात, किंवा 4πR² ऐवजी πR² लिहितात. दोन्हींत चारपट चूक होते. त्याहून घातक आहे एककांची चूक. एका चौरस किलोमीटरमध्ये 10⁶ चौरस मीटर असतात. घाईत हजारानेच गुणले, तर उत्तर हजारपट लहान येते, आणि बाकी सगळी पायरी बरोबर दिसत असल्याने चूक नजरेला पडत नाही. म्हणून किलोमीटरचे मीटर आधी करा, वर्ग नंतर.

आता 10⁴ गुणिले 5×10¹⁴, म्हणजे 5×10¹⁸ किलो.

दोन टोकांची सरासरी काढणे

समजा दाबाची वाट सुचलीच नाही आणि उंचीच अंदाजाने घ्यायची वेळ आली. मग ‘मनाला येईल तो आकडा’ घेऊ नका, आधी टोके ठरवा. 1 किलोमीटर नक्कीच कमी: कळसूबाईचे शिखर 1646 मीटरवर आहे आणि तिथे माणसे सहज श्वास घेतात. 100 किलोमीटर नक्कीच जास्त. आता मधला आकडा कोणता? सवयीने बेरीज करून दोनाने भागले जाते आणि 50 किलोमीटर येतात. त्याने उत्तर 3×10¹⁹ होते, म्हणजे सहापट जास्त.

साध्या सरासरीवर मोठ्या टोकाचाच ताबा असतो. खालचे टोक 1 ऐवजी 0.1 घेतले तरी ती जवळपास हलत नाही. आपली अनिश्चितता ‘इतके पट’ अशी आहे, म्हणून मध्यही पटींतच काढायचा: दोन्ही टोकांचा गुणाकार करून वर्गमूळ, म्हणजे भूमितीमध्य. 1 आणि 100 यांचा भूमितीमध्य 10 किलोमीटर. त्यावरून वस्तुमान 6×10¹⁸ किलो येते. इतक्या सैल टोकांतून इतके जवळ येणे नेहमीच घडत नाही, पण दहाचा घात सहसा हुकत नाही.

नको तिथे काटेकोरपणा

उंची दहापट चुकू शकते अशा गणितात g = 9.81 आणि π = 3.1416 घेऊन काही मिळत नाही. वेळ सर्वात डळमळीत घटकावर घालवा. उत्तरही 5.17×10¹⁸ असे लिहू नका, ‘सुमारे 5×10¹⁸’ पुरते. 16 जुलै 1945 रोजी ट्रिनिटी या पहिल्या अणुबॉम्ब चाचणीच्या वेळी भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी कागदाचे कपटे खाली सोडले आणि धक्क्याच्या लाटेने ते किती सरकले त्यावरून स्फोटाची ताकद 10 हजार टन टीएनटीएवढी ठरवली. नंतरच्या मोजमापांतून ती 20 हजार टनांहून थोडी जास्त निघाली. एवढ्या फरकाचे उत्तर या प्रकारात उत्तम मानले जाते.

दोन ढोबळ अंदाजांची वजाबाकी

पुढचा उपप्रश्न असा येतो: यातले पाण्याचे बाष्प किती? एकूण हवेतून कोरडी हवा वजा करू, हा विचार इथे सपशेल फसतो. दोन्ही आकडे जवळपास सारखे आहेत आणि प्रत्येकात काही टक्क्यांची ढिलाई आहे. बाष्प मात्र एकूण वस्तुमानाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. वजाबाकीत उरते ती फक्त चूक, कधी कधी ऋण चिन्हासह.

लहान राशीचा अंदाज स्वतंत्रपणे करा. 25 अंश सेल्सिअसला संपृक्त हवेच्या घनमीटरमध्ये सुमारे 23 ग्रॅम बाष्प मावते. सगळीकडे हवा संपृक्त नसते आणि थंड प्रदेशांत बाष्प आणखी कमी, म्हणून 10 ग्रॅम धरू. इथे 8 किलोमीटरची उंची वापरण्याचा मोह टाळा. वर हवा थंड होत जाते आणि थंड हवेत बाष्प टिकत नाही, त्यामुळे बाष्पाचा थर पातळ असतो, साधारण 2 किलोमीटर. म्हणजे चौरस मीटरवर 20 किलो, किंवा सगळे बाष्प पाणी होऊन खाली आले तर 20 मिलिमीटरचा थर. त्याला पृष्ठफळाने गुणले की 10¹⁶ किलो मिळतात. प्रत्यक्षातला आकडा सुमारे 1.3×10¹⁶ किलो आहे.