विद्यार्थ्यांची प्रश्नावली तपासताना या चुका टाळा

प्रकल्पाचे दिवस आले की टेबलावर प्रश्नावल्यांचा गठ्ठा येतो आणि नवा परीक्षक एका बैठकीत चाळीस हातावेगळ्या करतो. टायपिंग सुबक, प्रश्न बारा, पर्याय नीट खाली-खाली मांडलेले, म्हणजे २० पैकी १५-१६. असे गुण पडतात ते दिसण्याला. प्रश्नावली वाचायची नसते, भरायची असते. पेन घ्या आणि उत्तरदाता होऊन प्रत्येक प्रश्नाला खूण करा. जिथे हात अडतो, तिथे दोष असतो.

एक नमुना घेऊ. विषय, सोसायटीतील कचरा वर्गीकरण. उद्देश, किती घरांत वर्गीकरण होते आणि होत नसेल तर का, हे शोधणे. त्यातले सहा प्रश्न असे:

१. कुटुंबाचे मासिक उत्पन्न? (१०,०००–२०,००० / २०,०००–३०,००० / ३०,०००–५०,०००)
२. कचरा वेगळा न केल्यास रोगराई पसरते, हे आपणांस माहीत आहे का? (हो / नाही)
३. एक सुजाण नागरिक म्हणून आपण ओला व सुका कचरा वेगळा करता का? (हो / नाही)
४. वर्गीकरण न करण्याचे कारण कोणते? (वेळ नाही / जागा नाही / माहिती नाही)
५. घंटागाडी वेळेवर व दररोज येते का? (हो / नाही)
६. घंटागाडीची सेवा कशी वाटते? (अतिउत्तम / उत्तम / चांगली / ठीक)

गुणविभागणी भाषेला ८, क्रमाला ५ आणि पर्यायांना ७ अशी ठेवा. उत्तरच बदलून टाकणाऱ्या दोषाला २ गुण वजा, नुसता गोंधळ वाढवणाऱ्या दोषाला १. तीन निकष म्हणजे तीन वाचने. एकाच वाचनात तिन्ही उरकायला गेलात की पहिला दोष डोळ्यांत भरतो आणि बाकीचे निसटतात. हा वेळ वाचवण्याचा मोह मला मुळीच मान्य नाही.

फक्त विशेषणे शोधणे. भाषेच्या तटस्थतेबाबत सर्वांत जास्त घसरण इथे होते. ‘सुजाण नागरिक’ सगळ्यांना दिसतो, कारण ‘नाही’ म्हणणारा आपोआप अडाणी ठरतो. पण ‘घंटागाडीच्या अनियमिततेमुळे आपल्याला किती त्रास होतो?’ या प्रश्नात एकही भडक शब्द नाही, म्हणून तो पूर्ण गुण घेऊन जातो. गाडी अनियमित आहे हे त्यात गृहीत धरलेले असते. ज्याच्या दारी गाडी रोज सातला येते, त्याने ‘अजिबात नाही’वर खूण केली तरी त्याचा अर्थ लागत नाही: गाडी नियमित आहे, की अनियमित असूनही त्याला त्रास नाही? म्हणून प्रत्येक प्रश्न विरुद्ध मताच्या माणसाच्या नजरेने वाचावा. त्याला न चिडता, न अडखळता खरे उत्तर देता आले, तर भाषा तटस्थ. नमुन्यात भाषेचे दोन दोष आहेत: ‘सुजाण नागरिक’ आणि प्रश्न ५ मधली ‘वेळेवर व दररोज’ ही जोडगोळी. गाडी दररोज पण उशिरा येत असेल तर काय लिहायचे? दोन्ही दोष उत्तर बदलणारे, म्हणून ८ पैकी ४.

क्रम म्हणजे आधी वैयक्तिक माहिती, हे धरून चालणे. वर्षानुवर्षे गिरवलेली ही सवय गुणदानातही उतरली आहे. पहिल्याच ओळीत उत्पन्न विचारले की दारात उभा असलेला माणूस सावध होतो आणि पुढची उत्तरेही तोलूनमापून देतो. उत्पन्न, जात, आजारपण असे नाजूक प्रश्न शेवटी हवेत. वय किंवा राहण्याची मुदत यावरून कोणाला प्रश्न विचारायचे हे ठरणार असेल, तर तेवढेच सुरुवातीला.

याहून मोठी गोष्ट म्हणजे आधीच्या प्रश्नाची सावली. अमेरिकेतल्या १९४८ च्या एका पाहणीचा दाखला प्रसिद्ध आहे. कम्युनिस्ट देशांतील वार्ताहरांना अमेरिकेत येऊन बातम्या पाठवू द्याव्यात का, हा प्रश्न आधी विचारला तेव्हा सुमारे ३७ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. अमेरिकन वार्ताहरांना रशियात तशी मुभा असावी का, हे आधी विचारून मग तोच प्रश्न केला, तेव्हा ‘हो’ म्हणणारे ७३ टक्के झाले. शब्द तेच होते, फक्त जागा बदलली होती. आपल्या नमुन्यात प्रश्न २ नेमके हेच करतो. रोगराईची आठवण करून दिल्यावर ‘आम्ही कचरा एकत्रच टाकतो’ असे कोण सांगणार? वर्तनाचा प्रश्न आधी आणि माहितीचा नंतर, एवढे केले तरी हा दोष जातो. आता आहे तशा मांडणीला २ वजा, उत्पन्नाच्या जागेला १ वजा. प्रश्न ४ सरसकट सगळ्यांना आहे, ‘प्रश्न ३ चे उत्तर हो असल्यास थेट प्रश्न ५ कडे जा’ ही सूचनाच नाही, म्हणून आणखी १. उरला ५ पैकी १. प्रश्नावली गूगल फॉर्मवर असेल तर ‘Go to section based on answer’ लावले आहे का, ते पाहा. तसे न करता प्रश्न ४ ला ‘Required’ केले असेल, तर वर्गीकरण करणाऱ्या माणसालाही खोटे कारण निवडावेच लागते. तेव्हा १ ऐवजी २ वजा करा.

पर्याय मोजणे. चार-पाच पर्याय आहेत म्हणजे झाले, असे नसते. उत्पन्नाच्या पर्यायांत बरोबर २०,००० मिळवणाऱ्याला दोन घरे आहेत आणि ९,००० किंवा ६०,००० वाल्याला एकही नाही. प्रश्न ३ मध्ये ‘कधीकधी’ नाही, आणि बऱ्याच घरांचे खरे उत्तर तेच असते. प्रश्न ६ मध्ये नापसंतीला जागाच नाही: चार पर्यायांपैकी तीन कौतुकाचे. तिन्हींना प्रत्येकी २ वजा, ७ पैकी १ उरला. प्रश्न ४ ला ‘इतर’ नाही, पण तेवढ्यावर उरलेला गुणही काढून घेऊ नये; समासात लिहिले की पुरे.

एकूण ६. वरवर बघून दिलेल्या १५ शी ताडून पाहा. ही प्रश्नावली वाटली तर जवळपास प्रत्येक घर वर्गीकरण करते असा निष्कर्ष निघेल आणि विद्यार्थी तो मनापासून अहवालात लिहील.

एकाच दोषाचे दोनदा गुण कापणे. कडक परीक्षक इथे चुकतात. प्रश्न ५ मध्ये हो/नाही अपुरे वाटते, ते प्रश्न दुहेरी आहे म्हणून. तो सुटा केला की पर्याय आपोआप नीट बसतात, तेव्हा गुण फक्त भाषेत कापायचे. प्रश्न ३ चे मात्र तसे नाही. ‘सुजाण नागरिक’ काढले तरी ‘कधीकधी’ची उणीव राहतेच, म्हणून तिथे दोन्हीकडे वजावट योग्य. कसोटी साधी आहे: एक दोष मनातल्या मनात दुरुस्त करा आणि दुसरा उरतो का ते बघा.

शुद्धलेखनाचे गुण या तिन्हींत मिसळू नका.

उद्देश न वाचता तपासायला बसू नका; पर्याय योग्य की अयोग्य हे त्याशिवाय ठरतच नाही.

आणि कृपा करून प्रश्न स्वतः लिहून देऊ नका. ‘प्रश्न सूचक आहे’ असा मोघम शेराही नको. ‘जो कचरा वेगळा करत नाही त्याने इथे काय लिहायचे?’ असे समासात विचारा. दुरुस्त प्रत आली की आधी तोच प्रश्न भरून पाहा, आणि दोष गेला असेल तरच वजा केलेले गुण परत द्या.