पगारवाढीची नोटीस लावण्याआधी टक्क्यांचे रुपये करा

एचआरमध्ये नव्याने लागलेल्यांसाठी हे लिहितेय, खास करून ज्यांना यंदा पहिल्यांदाच इन्क्रिमेंटची पत्रं वाटायची आहेत त्यांच्यासाठी. पत्राचा नमुना, मंजुरी, सॉफ्टवेअरमधली एंट्री हे तुम्हाला येतंच. मी जिथे फसले तेवढंच सांगते.

2019 चा जुलै. वाळूज एमआयडीसीतला गाड्यांचे सुटे भाग करणारा छोटा कारखाना, 46 माणसं. त्या वर्षी गाड्यांचा बाजार पडला होता, शेड्यूल आटलं होतं. तरीही मालकांनी 1 एप्रिलपासून वाढ द्यायची ठरवली. मी नोटीस बोर्डावर लिहिलं, "या वर्षी सरासरी 8 टक्के पगारवाढ मंजूर झाली आहे." एवढीच ओळ. मला ती प्रामाणिक आणि छान वाटली होती.

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट सुटल्यावर मशीन शॉपमधले एक काका पत्र घेऊन टेबलापुढे उभे. गंगापूरकडून रोज येणारे, अकरा वर्षं जुने. म्हणाले, "मॅडम, आठ टक्क्याचे चौदाशे व्हतेत. हे काय लिहिलंय?"

त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता. त्यांचा एकूण पगार 17,500 रुपये, त्याचे 8 टक्के 1,400. घरी तोच आकडा सांगून ते आले होते. पत्रात मात्र 660 होते. मुळात त्यांना 8 नव्हे, 6 टक्के मिळाले होते. शिवाय आमच्याकडे टक्के एकूण पगारावर नाही, बेसिक आणि डीएवर धरायचे, आणि ते 11,000. म्हणून 660. त्यातून पीएफ 12 टक्के वाढला, म्हणजे 79 रुपये. ईएसआयसी जुलैपासून पाऊण टक्का झाला होता, त्याचे पाच. हातात उरले 576. बोर्डावरची ओळ वाचून 1,400 ची आशा धरलेल्या माणसाला महिन्याला 576 मिळणार होते, आणि ती आशा लावणारी मी होते.

"सरासरी" या शब्दाने सगळ्यात जास्त घात केला, म्हणून त्यावर थोडं थांबते. 46 पैकी 15 जणांना 11 ते 13 टक्के मिळाले होते. डाय दुरुस्त करणारे, क्वालिटीचे, प्रोग्रामिंगवाले, म्हणजे जे सोडून गेले तर लाईन बंद पडेल असे. उरलेल्या 31 जणांना 6 टक्के. याची सरासरी 8 च्या आसपास येते, हिशोबाने बरोबर. पण नेमके 8 टक्के एकालाही मिळालेले नव्हते! 31 माणसांनी बोर्ड वाचला आणि प्रत्येकाला वाटलं, आपण इतरांपेक्षा कमी ठरलो. सरासरी हा मालकाच्या कामाचा आकडा आहे, एकूण खर्च किती वाढला ते त्यातून कळतं. कामगाराला त्यातून स्वतःबद्दल काहीच कळत नाही. तो आकडा बोर्डावर लिहूच नका. कुणी तोंडी विचारला तरी आधी त्याचा स्वतःचा आकडा सांगा.

आता मी प्रत्येक पत्रासोबत एक चिठ्ठी देते. जुना एकूण पगार, नवा एकूण पगार, दोन्हींची कटिंग, हातात पडणारा फरक आणि एरिअर्स कोणत्या महिन्यात येतील ते. काकांच्या चिठ्ठीवर आधी हातात 15,848 आणि आता 16,424 असं दिसलं असतं. पीएफमध्ये जाणाऱ्या 79 रुपयांखाली एक ओळ असते की तेवढीच रक्कम कंपनीही भरते. 46 चिठ्ठ्यांना दीड दिवस लागतो. कुणी एकच मेसेज ग्रुपवर टाकून मोकळं व्हा म्हणालं तर ऐकू नका. हा शॉर्टकट मला मुळीच पटत नाही.

चिठ्ठ्या करताना एकूण पगार 21,000 च्या वर कोण जातंय तेही बघा. तिथे ईएसआयसीची मर्यादा आहे. वर्गणीचा चालू सहामाही काळ संपेपर्यंत कपात चालू राहते, त्यानंतरही काही महिने लाभ मिळतो, पण पुढे तो थांबतो. ज्याच्या घरात कुणाचं औषधपाणी चालू आहे त्याला हे पत्राच्या दिवशीच कळायला हवं.

आता ज्यांना जास्त अपेक्षित होतं त्यांचं. माझ्या पहिल्या साहेबांचा सल्ला होता, पत्रं वाटायची आणि दोन दिवस सुट्टी टाकायची. मी तसं केलं नाही, पण काकांसमोर बसून जे बोलले ते त्याहून बरं नव्हतं. म्हणाले, "मॅनेजमेंटने ठरवलंय, माझ्या हातात काही नाही." त्यावर ते काहीच बोलले नाहीत. पत्राची घडी घालून निघून गेले. मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

नंतर कळलं की त्यांच्या सुपरवायझरने फेब्रुवारीतच सांगितलं होतं, "यंदा तुमचं बघतो." त्यांची अपेक्षा तिथून आली होती. म्हणून आता पत्रं छापायच्या आधी मी प्रत्येक सुपरवायझरला एकच विचारते, कुणाला काय शब्द दिलाय? ज्यांची नावं येतात त्यांच्याशी पत्र देण्याच्या आदल्या दिवशी बोलते, एकटं, दार लावून. "तुम्हाला जास्त अपेक्षित होतं, आणि तसं तुम्हाला सांगितलंही गेलं होतं, हे मला माहीत आहे. आकडा इतका आहे. कारण हे आहे. तो या वर्षी बदलणार नाही." शेवटचं वाक्य कडू लागतं, पण ते गाळलं तर माणूस महिनाभर खेटे घालतो. आणि "पुढच्या वर्षी नक्की" हे कधीही म्हणू नका, तुमच्या हातात ते नसतं. हिशोबात चूक असेल तर मात्र आठ दिवसांत दाखवा, दुरुस्त होईल, हे जरूर सांगा.

बोनसची नोटीस वेगळी काढा. त्याच वर्षी दिवाळीआधी मी लिहिलं होतं, "व्यवस्थापनाने आनंदाने 8.33 टक्के बोनस मंजूर केला आहे." आदल्या वर्षी 12 टक्के होता. आणि 8.33 ही तर कायद्याने द्यावीच लागणारी किमान रक्कम, नफा असो वा नसो. युनियनच्या पोरांना ते पाठ होतं. "आनंदाने" हा शब्द त्यांना टोचला, आणि त्यांचं बरोबर होतं. वेतन संहिता आली तरी 8.33 आणि 20 या दोन मर्यादा त्याच आहेत. त्यामुळे सरळ लिहा की कायद्यानुसार इतकं, त्यावर कंपनीकडून इतकं किंवा काही नाही, गेल्या वर्षी इतकं होतं, कमी होण्याचं कारण हे. आणि हिशोब कोणत्या रकमेवर धरलाय तेही, कारण तो एकूण पगारावर नसतो.

पहिल्या वर्षी तुमच्याकडूनही काहीतरी सुटेल. मी काकांकडे चार दिवसांनी लाईनवर गेले, हाताने लिहिलेली चिठ्ठी घेऊन. बोर्डावरची ओळ माझी चूक होती, असं सांगितलं. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि विचारलं, "एरिअर्स पोळ्याच्या आधी पडतील का?" पडणार होते. तारीख मी चिठ्ठीवर लिहून दिली.