बारा व्होल्टच्या बॅटरीचा व्होल्टमीटर अचूक करताना: माझा अनुभव

अर्डुइनो उनोवर केलेल्या व्होल्टमीटरमध्ये ५६ किलोओहम आणि १० किलोओहमचा विभाजक होता. म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज ६.६ पट कमी होऊन पिनवर येत असे. मल्टिमीटर १२.६० व्होल्ट दाखवत असताना माझा पडदा मात्र १३.४० दाखवू लागला. रोध मोजले, ते बरोबर होते. मग ५ व्होल्टची पिन मोजली, तर यूएसबी केबलमधून तिथे ४.७ व्होल्टच पोहोचत होते. उनोमधला अॅनलॉग-डिजिटल परिवर्तक पिनवरच्या व्होल्टेजची याच ५ व्होल्टच्या पुरवठ्याशी तुलना करतो आणि प्रोग्रॅम ते ५ धरून चालतो, त्यामुळे फरक नेमका ५ भागिले ४.७ इतका पडला.

लॅमिंग्टन रोडवरून २.५ व्होल्टचा स्थिर संदर्भ देणारा एलएम४०४० आणला, ५ व्होल्टवरून १ किलोओहममार्फत तो एरेफ पिनला जोडला आणि त्याआधी ही ओळ प्रोग्रॅममध्ये चढवली, कारण ती नसताना वाचन झाल्यास आतला ५ व्होल्टचा पुरवठा थेट संदर्भाला भिडतो:

```
analogReference(EXTERNAL);
```

आता एक पायरी सुमारे १६ मिलिव्होल्टची आहे आणि मर्यादा १६.५ व्होल्टची, म्हणजे चार्जिंगचे १४.४ व्होल्टही मावतात. शेवटचा अंक नाचत होता, तो ६४ वाचनांच्या सरासरीने शांत झाला. मात्र संदर्भच चुकीचा असता, तर सरासरीने तीच चूक अधिक स्थिरपणे दिसली असती.