गुणवत्ता यादी लागली, आता कॅप्शन काय लिहायचं?

क्लासमध्ये सोशल मीडियाचं काम नव्याने हाती घेतलं की पहिली परीक्षा निकालाच्या संध्याकाळी होते. यादी लागते, सरांचा फोन येतो, "पोस्ट टाका, बाकीच्यांनी टाकल्या!" मी पुण्यात एमपीएससीच्या क्लासेससाठी हेच काम करतो.

आधी हातातली यादी कोणती ते बघा. राज्यसेवेच्या मुलाखती झाल्या की आयोग सर्वसाधारण गुणवत्ता यादी लावतो. त्यात क्रमांक असतो, पद नसतं. पुढे उमेदवार पदांचे पसंतीक्रम देतात, तात्पुरती निवड यादी लागते, काहीजण 'ऑप्टिंग आउट' करून निवडीतून बाहेर पडतात आणि मग अंतिम शिफारस होते. त्यामुळे गुणवत्ता यादी लागली त्या रात्री "आमचे उपजिल्हाधिकारी" लिहिणं म्हणजे चक्क थाप. यादीत नाव असूनही पद न मिळालेले कितीतरी जण सदाशिव पेठेत भेटतात.

दुसरा प्रश्न, तो विद्यार्थी आपल्याकडे नेमकं काय शिकला? खरी गोची इथेच आहे. समजा, एका मुलीचा क्रमांक ८४ आला. पूर्व आणि मुख्य परीक्षेची तयारी तिने घरी केली, आपल्याकडे आली ती फक्त अभिरूप मुलाखतीला. तिच्या फोटोखाली फाउंडेशन बॅचची जाहिरात लावली, तर वाचणारा समजतो की दोन वर्षांच्या त्या बॅचमुळेच ती यशस्वी झाली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती याच लपवाछपवीवर. फोटोसोबत क्रमांक, कोर्सचं नाव, कालावधी आणि तो सशुल्क होता की नाही, हे सांगावं लागतं. शिवाय विद्यार्थ्याची लेखी संमती हवी आणि तीही निकालानंतर घेतलेली. प्रवेशाच्या फॉर्मवरची सही चालत नाही.

मी त्या मुलीसाठी असं लिहीन :

"अभिनंदन, (नाव)! राज्यसेवेच्या सर्वसाधारण गुणवत्ता यादीत ८४वा क्रमांक. आमच्याकडे सहभाग : अभिरूप मुलाखत, ३ सत्रं, विनाशुल्क. पूर्व व मुख्य परीक्षेची तयारी तिने स्वतः केली. पदांची निवड यादी अजून यायची आहे."

सर म्हणतील, "यात आपलं काय राहिलं?" तीन सत्रं राहिली, तेवढीच आपली होती. 'विनाशुल्क' हा शब्द बारीक अक्षरात तळाशी ढकलायलाही सांगतील. ढकलू नका; खुलासा मुख्य दाव्याइतक्याच ठळक अक्षरात हवा, असं तत्त्वांतच आहे.

"एकूण ४० निवडी" असा आकडा मागितला, तर आधी नावांची यादी मागा. पूर्व उत्तीर्ण, मुख्य उत्तीर्ण आणि शिफारस झालेले वेगळे काढा. एकच मुलगा टेस्ट सिरीज आणि मुलाखत अशा दोन्ही रजिस्टरांत असतो, तो दोनदा मोजला जातो. छाननीनंतर शिफारस झालेले ६ उरले, तर ६च लिहा.

अंतिम यादी लागली की जुन्या पोस्टमध्ये पद जोडा. कुणाला पद मिळालं नसेल, तर त्याला विचारा, पोस्ट ठेवायची की काढायची.