वहीतल्या नोंदींवरून फिजिओथेरपीचा प्रगती अहवाल कसा बनवावा

गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णाचं उदाहरण घेते, कारण खरी गफलत तिथे होते.

पानं तारखेने लावून घ्या. उद्दिष्ट रुग्णाच्या रोजच्या जगण्यातलं लिहा. ‘गुडघा सुधारणे’ नको. ‘सहा आठवड्यांत हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे’ असं हवं. उपचारांत व्यायामाचं नाव, किती वेळा, किती संच, एवढं पुरे.

आता आकडे. इथे मी स्वतः सपशेल चुकले होते. एका आजींच्या वहीत ७ मार्चला ‘वाकणं ८५’ आणि १० मार्चला ‘वाकणं ७८’ असं होतं. मी दोन्ही एकाच रकान्यात उतरवले. सर्जननी विचारलं, गुडघा आखडतोय का? आजी घाबरल्या, घरी व्यायाम चुकला म्हणून स्वतःला दोष देऊ लागल्या. खरं तर ८५ अंश मी शेकून, ताण देऊन, हाताने दाबून वाकवल्यावर मोजले होते. ७८ अंश त्यांनी उपचाराआधी स्वतःच्या ताकदीने वाकवले होते. दोन्ही आकडे बरोबर होते, पण मोजलेली गोष्टच वेगळी होती.

म्हणून प्रत्येक आकड्यासमोर तीन गोष्टी लिहा: रुग्णाने स्वतः वाकवला की आपण, झोपून की बसून, उपचाराआधी की नंतर. तिन्ही जुळतात तेच आकडे एका ओळीत ठेवा. सांध्याचा कोन मोजायच्या गोनिओमीटरने मोजताना चार-पाच अंश सहज इकडेतिकडे होतात, तेवढ्या फरकाला प्रगती म्हणू नका आणि घसरणही म्हणू नका.

वहीत पद्धत लिहिलेली नसेल तर ‘पद्धत नोंदलेली नाही’ असं लिहा आणि तो आकडा तुलनेत घेऊ नका. ‘साधारण आठवतं’ म्हणून भरायचं नाही, मागच्या-पुढच्या आकड्यांची सरासरी काढून तर मुळीच नाही. ‘आज बरं वाटतंय’ हे रुग्णाचे शब्द अवतरणात जसेच्या तसे ठेवा. त्या शब्दांचा वेदनेच्या ० ते १० मापावर ३ करण्याचा अधिकार आपल्याला नाही. तो आकडा रुग्णानेच सांगायचा असतो.

आजींचा अहवाल मी पुन्हा लिहिला. उपचाराआधी, झोपून, स्वतः वाकवलेला गुडघा: पहिल्या आठवड्यात ६२, तिसऱ्यात ७८, सहाव्यात ९६ अंश. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून परत बसायला आधी ३१ सेकंद लागत, नंतर १७. त्याखाली उद्दिष्टाचं एक वाक्य: ‘सहाव्या आठवड्यात हात न टेकता उठतात.’ सर्जननी पुढच्या भेटीत वाकण्याबद्दल काही विचारलं नाही, थेट जिन्याबद्दल बोलले.

अहवालावर तो तयार केल्याची तारीख आणि सही घाला. मूळ पानं सोबत जोडून ठेवा.