पंगतीसाठी तांदळाची खीर: लिटरला किती तांदूळ, किती साखर?

एक लिटर म्हशीच्या दुधाला 50 ग्रॅम तांदूळ आणि 100 ग्रॅम साखर, हे माझं पितृपक्षातल्या खिरीचं ठरलेलं माप. यातून साधारण आठ लहान वाट्या होतात. पन्नास पानं असतील तर काही जण दुसऱ्यांदा घेणारच, म्हणून आठ लिटर दूध, 400 ग्रॅम तांदूळ आणि 800 ग्रॅम साखर घ्यायची.

तांदूळ दिसायला फारच कमी वाटतो आणि हात वाढवायचा मोह होतो. वाढवू नका. खीर गॅसवर पातळ दिसते, पण तांदूळ दूध पीत राहतो आणि वाढायच्या वेळेपर्यंत तिचा भात होऊन बसतो. म्हणून आठातलं एक लिटर दूध उकळून बाजूला ठेवा आणि वाढण्याआधी ते गरम करून लागेल तसं घाला. पळीतून खीर धारेने पडली पाहिजे, गोळा पडला तर घट्ट झाली.

आंबेमोहोर धुऊन, सुकवून, तुपावर परतून जाडसर भरडा. जाड बुडाच्या पातेल्यात उकळत्या दुधात घातल्यावर पहिली दहा मिनिटं ढवळणं सोडू नका, कणी तेव्हाच तळाला बसते. कणी बोटांत सहज चिरडली की मगच साखर घाला. आधी घातली तर कणी शिजायला फार वेळ घेते. साखरेने खीर पुन्हा थोडी सैल होते, तेव्हा घाबरून तांदळाची पिठी लावू नका.